उशाशी ठेवलेली बाटली

जानेवारीतल्या एका सकाळी दवाखान्यात एक शिक्षिका आल्या. वय ४२, पाचवी ते सातवीच्या वर्गांना मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या. तक्रार घशाची होती. "डॉक्टर, सकाळी उठले की थुंकी गिळवत नाही. जीभ टाळ्याला चिकटलेली असते. पहिल्या तासाला आवाजच फुटत नाही." दहा-अकरापर्यंत पाणी पिऊन, थोडं बोलून घसा सैल व्हायचा. दुपारी तर आपला घसा दुखत होता हेही त्यांना आठवायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. असे दोन महिने गेले होते. तोवर हळदीचं दूध, ज्येष्ठमधाची काडी, मिठाच्या गुळण्या, चघळायच्या गोळ्या आणि अँटिबायोटिकचे दोन कोर्स एवढं सगळं करून झालं होतं.

घसा पाहिला. टॉन्सिल साधे होते. पू नव्हता, मानेत गाठी नव्हत्या, ताप तर कधीच आला नव्हता. घशाची मागची भिंत मात्र कोरडी, चकचकीत आणि जराशी लाल दिसत होती. जंतूंमुळे सुजलेला घसा असा घड्याळ पाहून दुखत नाही. तो दुपारच्या जेवणालाही दुखतो आणि रात्री झोपतानाही दुखतो. पहाटे सोललेला आणि दुपारी बरा असलेला घसा बहुतेक वेळा रात्रभर वाळलेला घसा असतो, आणि घसा रात्रभर वाळतो तो तोंड उघडं राहिल्यामुळे. म्हणून विचारलं, "बाई, नाक कसं आहे?"

"नाकाचं काही नाही. थेंब टाकले की मोकळं होतं."

थेंब कुठले, असं विचारल्यावर त्यांनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून एक छोटी बाटली काढली. झायलोमेटाझोलिन ०.१ टक्के, १० मिली. दिवाळीच्या साफसफाईत सर्दी झाली, तेव्हा औषधाच्या दुकानातून आणलेली. तीच बाटली अर्थातच नव्हती, ती कितवी होती हे त्यांना सांगता येईना. एक पर्समध्ये असायची, एक घरी उशाशी.

मला या लेखात त्या बाटलीबद्दलच लिहायचं आहे. हे औषध वाईट नाही. सर्दीच्या पहिल्या दोन-तीन रात्री ते माणसाला झोप देतं आणि त्या कामात त्याच्याइतकं झटपट दुसरं काही नाही. पण काही दिवस सलग वापरलं की तेच औषध नाक बंद करू लागतं, आणि वापरणाऱ्याला नेमकं उलटं वाटत राहतं.

हे कसं घडतं ते समजायला नाकाच्या आतली रचना थोडी माहीत हवी. नाक चोंदलं की ते शेंबडाने भरलंय असं आपल्याला वाटतं, म्हणून आपण ते शिंकरत राहतो. बहुतेक वेळा अडथळा शेंबडाचा नसतो, तो सुजलेल्या अस्तराचा असतो. नाकपुडीच्या बाहेरच्या भिंतीवर एकाखाली एक अशी हाडांची तीन वळकट्यांसारखी टोकं असतात. त्यांना टर्बिनेट म्हणतात. सगळ्यात खालचं टर्बिनेट सगळ्यात मोठं, साधारण करंगळीएवढं लांब. त्याच्यावरच्या अस्तरात बारीक शिरांचे असंख्य कप्पे असतात. त्यांत रक्त भरलं की टर्बिनेट फुगतं आणि मधल्या पडद्याला टेकतं. कप्पे रिकामे झाले की ते आकसतं आणि वाट मोकळी होते. आरशात टॉर्च धरून पाहिलं तर नाकात गुलाबी गोळ्यासारखं दिसतं ते हेच. कितीतरी लोक ते पाहून घाबरून येतात आणि "नाकात मांस वाढलंय" असं सांगतात.

या कप्प्यांत किती रक्त राहू द्यायचं हे शरीर स्वतः ठरवतं. अस्तरात आलेल्या सूक्ष्म नसांच्या टोकांतून नॉरएड्रेनलिन नावाचं रसायन सतत थोडं थोडं पाझरत असतं. ते शिरांच्या भिंतींवरच्या रिसेप्टरना जाऊन लागतं आणि शिरा आवळलेल्या राहतात. दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या मोकळ्या नसतात. काही तास डावीकडची सुजलेली राहते आणि उजवीकडून जास्त श्वास चालतो, मग पाळी बदलते. जर्मन डॉक्टर रिचर्ड कायझर यांनी १८९५ साली या पाळीचं वर्णन केलं. आपल्याकडे स्वरशास्त्र मानणाऱ्यांना चंद्रस्वर आणि सूर्यस्वर म्हणून ही अदलाबदल त्याआधीपासून ठाऊक होती. त्यांनी तिला जोडलेले अर्थ वेगळे, पण पाहणी खरी होती. ही पाळी लक्षात ठेवा, कारण थेंब सोडताना तिच्यामुळे फसगत होते.

झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिन ही नॉरएड्रेनलिनची नक्कल करणारी औषधं आहेत. थेंब आत गेला की काही मिनिटांत शिरांचे कप्पे पिळल्यासारखे रिकामे होतात, टर्बिनेट आकसतं आणि नाक उघडतं. वाट थोडीशीच रुंद होते, पण फरक प्रचंड जाणवतो. सरळ नळीतून जाणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, म्हणजे त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. नाक काही सरळ नळी नाही, त्यामुळे हे गणित त्याला तंतोतंत लागू होत नाही. तरी मिलिमीटरभर सूज उतरली की माणसाला जग बदलल्यासारखं का वाटतं ते यातून कळतं. पहिल्या वापराला हा परिणाम आठ-दहा तास टिकतो, ऑक्सिमेटाझोलिनचा कधीकधी बारा तास.

मग हळूहळू तीन गोष्टी घडतात. बाहेरून इतकं नक्कल रसायन येतंय हे पाहून नसांची टोकं स्वतःचं नॉरएड्रेनलिन सोडणं कमी करतात. शिरांवरचे रिसेप्टर सततच्या माऱ्याने मंदावतात, त्यामुळे तेवढ्याच थेंबांनी पूर्वीइतकं आवळणं होत नाही. आणि पुन्हा पुन्हा रक्तपुरवठा तोडल्यामुळे अस्तराला सूज येते. औषधाचा जोर ओसरतो तेव्हा शिरांना आवळून धरायला ना औषध उरतं, ना शरीराचं स्वतःचं पुरेसं रसायन. कप्पे रक्ताने भरतात आणि नाक आधीपेक्षा घट्ट बंद होतं. माणसाला वाटतं, सर्दी अजून गेलेली नाही. तो पुन्हा थेंब टाकतो, नाक उघडतं आणि त्याची खात्री पटते की औषध बरोबर आहे. सर्दी तर कधीच संपलेली असते. आता तो सकाळच्या थेंबांनी आणलेल्या सुजेवर दुपारचे थेंब टाकत असतो.

या अवस्थेला वैद्यकात राइनायटिस मेडिकामेंटोझा म्हणतात, म्हणजे औषधाने आणलेली नाकाची सूज. एफेड्रिनचे थेंब वापरात आले आणि १९३०-४० च्या दशकांत डॉक्टर या त्रासाबद्दल लिहू लागले. पण एक शंका बराच काळ राहिली. ज्यांचं नाक मुळात बिघडलेलंच असतं तेच लोक थेंब फार वापरतात, मग दोष थेंबांचा की आधीच्या आजाराचा? स्टॉकहोममध्ये पीटर ग्राफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात याचं उत्तर शोधलं. नाकाचा काहीही त्रास नसलेल्या निरोगी माणसांना त्यांनी महिनाभर हे फवारे मारायला लावले आणि अस्तराची सूज मोजली. महिन्याअखेर या धडधाकट लोकांची नाकंही चोंदू लागली होती, आणि औषधाचा परिणाम पहिल्या दिवसापेक्षा कमी वेळ टिकत होता. बाटलीतलं औषध खराब होऊ नये म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइड हा टिकाऊपणासाठीचा पदार्थ घालतात. तो असलेल्या फवाऱ्याने सूज जास्त येते, हेही त्यांच्याच अभ्यासात दिसलं.

किती दिवसांनी हे सुरू होतं? याला एक ठरलेला आकडा नाही. कुणाला दहा दिवसांतही काही होत नाही, कुणाला चौथ्या-पाचव्या दिवशीच चटक लागल्यासारखं होतं. म्हणून डॉक्टर तीन ते पाच दिवस सांगतात, आणि मी स्वतः तीन सांगतो. तीन रात्रींत साध्या सर्दीचा सगळ्यात वाईट भाग सरलेला असतो.

एक हिशोब मी दवाखान्यात प्रत्येकाला करून दाखवतो. ड्रॉपरचे साधारण २० थेंब म्हणजे एक मिली. म्हणजे १० मिलीच्या बाटलीत २०० थेंब. मोठ्या माणसाने प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब, दिवसातून तीनदा, असे वापरले तर दिवसाला १२ थेंब लागतात. पाच दिवसांचे ६०, म्हणजे तीन मिली. एका सर्दीला बाटलीचा तिसरा हिस्सासुद्धा पुरतो. सात मिली उरलेली बाटली घरात राहते, आणि औषध वाया जाऊ नये ही आपली जुनी सवय. बाटली संपेपर्यंत वापरायची असते, असंच बहुतेकांना वाटतं. खोकल्याच्या औषधाबाबत तसं वागलेलं एक वेळ चालतं, इथे मात्र बाटली संपवणं हाच आजार.

बाईंना त्यांच्या वेळा लिहायला सांगितल्या. रात्री झोपताना दहाला, मग दोनला जाग आल्यावर, साडेपाचला उठल्यावर, शाळेत मधल्या सुट्टीत पावणेअकराला, दुपारी चारला, संध्याकाळी साडेसातला. दिवसातून सहा वेळा, दर वेळी एकेका नाकपुडीत तीन थेंब, म्हणजे रोजचे ३६. दोनशे थेंबांची बाटली साडेपाच दिवसांत संपते. महिन्याला पाच बाटल्या लागत होत्या आणि त्या तीन वेगवेगळ्या दुकानांतून येत असल्यामुळे एकाही दुकानदाराच्या ते लक्षात आलं नव्हतं. कागदावरचा तो आकडा पाहून बाई बराच वेळ गप्प बसल्या.

दोन थेंबांच्या वेळांमधलं अंतर ही या आजाराची सगळ्यात भरवशाची खूण. दिवाळीत एकदा टाकलेले थेंब बाईंना रात्रभर पुरत, जानेवारीत जेमतेम चार-पाच तास पुरत होते. दुसरी खूण म्हणजे सर्दीची बाकीची लक्षणं निघून गेलेली असतात. शिंका नाहीत, नाक वाहत नाही, डोळ्यांना खाज नाही, अंगात कसकस नाही. फक्त नाक बंद, तेही दोन्ही बाजूंनी. आणि तिसरी खूण माणसाच्या वागण्यात दिसते. बाटली विसरली म्हणून तो अर्ध्या रस्त्यातून घरी परत जातो.

आता घशाकडे येऊ. नाकाचं श्वासाच्या बाबतीतलं मोठं काम हवा तयार करण्याचं आहे. पुण्या-नाशिकच्या थंडीत पहाटेची १०-१२ अंशांची कोरडी हवा नाकातून आत शिरते आणि घशाच्या मागे पोचेपर्यंत ३० अंशांच्या वर तापलेली, जवळजवळ पूर्ण ओलावलेली असते. हा ओलावा त्या टर्बिनेटांच्या अस्तरातून येतो. फुगणारे, रक्ताने भरणारे कप्पे निसर्गाने ठेवले ते यासाठीच. तोंडात अशी सोय नाही. तोंडाने घेतलेली हवा ओलावा गोळा करते तो जिभेवरून, टाळ्यावरून आणि घशाच्या मागच्या भिंतीवरून. त्यातून झोपेत लाळ सुटणं आणि गिळणं दोन्ही फार कमी झालेलं असतं, त्यामुळे वाळलेली जागा पुन्हा भिजत नाही. सहा-सात तास हे चाललं की घशाच्या अस्तरावरचा पातळ चिकट थर सुकतो, अस्तर चरचरतं, आणि उठल्यावर पहिला घोट काटा रुतल्यासारखा जातो. आडवं झाल्यावर नाकाच्या शिरांत रक्त जास्त साठतं, म्हणून रात्र या आजाराची सगळ्यात वाईट वेळ. पहाटे दोन-तीनला औषध उतरतं, नाक बंद होतं, तोंड उघडतं, आणि झोपलेल्या माणसाला त्याची गंधवार्ता नसते.

थेंबांचा घशाशी आणखी एक संबंध आहे. मान मागे टाकून थेंब सोडले की त्यांतला मोठा भाग नाकात न थांबता सरळ मागे ओघळतो. घशात कडवट चव येते ती त्यामुळे. औषध तिथल्या अस्तरालाही कोरडं पाडतं. बाईंना ती कडवट चव इतकी सवयीची झाली होती की ती आली म्हणजे औषध लागू पडलं, असं त्या समजत.

अशा घशाला अँटिबायोटिक देऊन काही होत नाही, कारण मारायला तिथे जंतूच नसतात. कोर्स चालू असताना घसा रोज दुपारी बरा होतो, त्यामुळे गुण येतोय असा भास मात्र होतो. विक्स, अमृतधारा, मेंथॉलची नळी यांचंही असंच आहे. मेंथॉलने नाकाची वाट तसूभरही रुंद होत नाही, हे नाकातून जाणारा प्रवाह मोजून पाहिलेलं आहे. ते नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना चाळवतं, आणि गार हवेचा तो स्पर्श मेंदू मोकळा श्वास म्हणून वाचतो. ओव्याच्या पुरचुंडीने किंवा मेंथॉलने बरं वाटत असेल तर जरूर वापरावं, पण थेंबांनी आलेली सूज त्याने उतरणार नाही.

बाईंच्या नाकात दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा दोन्ही बाजूंची खालची टर्बिनेट लालभडक, टचटचीत फुगलेली दिसली. मधला पडदा डावीकडे थोडा झुकलेला होता, पण तो नक्कीच लहानपणापासून तसा असणार, आणि दिवाळीपर्यंत त्याने कधी त्रास दिला नव्हता. असं वाकडं हाड दिसलं की लगेच ऑपरेशनचा विषय निघतो. सुजलेल्या नाकात हाडाचा दोष किती आणि सुजेचा किती हे कुणालाच ठरवता येत नाही. आधी थेंब सुटले पाहिजेत, सूज उतरली पाहिजे, मग हाडाचा विचार.

थेंब एका झटक्यात सोडता येतात. बरेच लोक सोडतातही. पण तिसऱ्या-चौथ्या रात्री दोन्ही नाकपुड्या ठार बंद, झोप नाही, जीव घाबरा, अशी अवस्था झाली की पहाटे तीनला हात बाटलीकडे जातो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून मला एका वेळी एक नाकपुडी सोडवण्याची पद्धत बरी वाटते. बाईंना शनिवारी सुरुवात करायला सांगितली. डाव्या नाकपुडीत त्या दिवसापासून एकही थेंब नाही. उजवीकडे गरज पडेल तेव्हा दोन थेंब, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा. म्हणजे श्वासाला एक वाट कायम उघडी, आणि घाबरण्याचं कारण नाही.

त्याच दिवशी दोन्ही नाकपुड्यांत स्टेरॉइडचा फवारा सुरू केला. स्टेरॉइड म्हटलं की लोक दचकतात. बाईही दचकल्या. पोटातून घ्यायच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनचा फवारा नाकाच्या अस्तरावरच काम करतो आणि त्याचा अगदी थोडा अंश रक्तात जातो. खरी अडचण वेगळीच असते. हा फवारा मारल्यावर काहीच होत नाही. तो सूज उतरवतो, पण त्याला तीन-चार दिवस लागतात आणि पूर्ण जोर यायला दोन आठवडे. थेंबांची दोन मिनिटांत नाक उघडण्याची सवय असलेला माणूस दोन दिवसांत म्हणतो, हे औषध काही कामाचं नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवावं लागतं की हा फवारा रोज एकदा, वाटो न वाटो, मारत राहायचा.

तो मारण्याचीही एक रीत आहे. मान मागे टाकायची नाही, उलट किंचित पुढे झुकवायची. डाव्या नाकपुडीसाठी बाटली उजव्या हातात आणि उजव्या नाकपुडीसाठी डाव्या हातात धरायची, म्हणजे तोंड आपोआप बाहेरच्या भिंतीकडे, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने वळतं. मधल्या पडद्यावर रोज मारा झाला तर तिथलं अस्तर सोलतं आणि रक्त येतं. फवारा उडाल्यावर जोरात ओढायचा नाही, साधा श्वास घ्यायचा. घशात चव आली तर औषध नाकात थांबलं नाही असं समजावं.

फवाऱ्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. बाईंच्या सासूबाईंकडे नेतीचं तांब्याचं भांडं होतंच. एक पेला, म्हणजे सुमारे २४० मिली पाणी, त्यात सपाट पाव ते अर्धा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी कोमट. मीठ कमी पडलं तर नाक झोंबतं, कारण साधं पाणी अस्तराला सोसत नाही. एका गोष्टीबाबत मी कुणालाही सूट देत नाही: पाणी उकळून थंड केलेलंच हवं, नळाचं किंवा विहिरीचं तसंच नाही. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा पिताना पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोचतो, आणि तो आजार झालेला माणूस क्वचितच वाचतो. असं फार कमी वेळा घडतं, पण पाणी उकळल्याने ही भीतीच उरत नाही.

झोपताना डोक्याखाली एक उशी जास्त, आणि पहिला आठवडा उजव्या कुशीवर. ज्या कुशीवर आपण झोपतो त्या बाजूची नाकपुडी सुजते आणि वरची मोकळी होते. डावी सोडवायची होती, म्हणून डावी वर.

पहिल्या दोन रात्री ठीक गेल्या. सोमवारी आणि मंगळवारी डावी नाकपुडी दगडासारखी झाली. बाईंनी फोन करून सांगितलं, "आता ही कायमची बंद झाली." नाकातल्या नसांना आपलं रसायन पुन्हा पुरेसं सोडायला लागायला थोडे दिवस द्यावे लागतात. ते दोन-तीन दिवस असेच असतात. गुरुवारी रात्री झोपेतच कधीतरी डावीकडून श्वास चालू झाला. शुक्रवारी दुपारी ती पुन्हा जड वाटली आणि त्या खचल्या, पण तीन तासांनी ती आपोआप उघडली. थेंब न टाकता उघडली, हे महत्त्वाचं. ती कायझरची पाळी परत आली होती. अडीच महिने थेंबांखाली दबलेली शरीराची स्वतःची चाल सुरू झाली होती. या टप्प्यावर एका बाजूचं जडपण हे बिघडल्याचं लक्षण नसतं, पण ते माहीत नसलेला माणूस इथेच हरतो आणि पुन्हा बाटली उघडतो.

आठव्या दिवशी उजवीकडचे थेंबही बंद केले, आणि झोपायची कूस बदलली. त्या बाजूला पाच रात्री लागल्या. अकराव्या दिवशी सकाळी त्या उठल्या तेव्हा जीभ टाळ्याला चिकटलेली नव्हती. घशासाठी वेगळं औषध काहीच दिलं नव्हतं. फक्त पंख्याचा झोत तोंडावरून हलवायला सांगितला होता आणि चघळायच्या गोळ्या थांबवायला.

सगळ्यांचं असं बारा-तेरा दिवसांत उरकत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं थेंब टाकले आहेत त्यांच्या टर्बिनेटांची सूज कधीकधी कायमची होऊन बसते. फवाऱ्याने सहा-आठ आठवड्यांतही ती उतरली नाही तर टर्बिनेट लहान करण्याची छोटी शस्त्रक्रिया करावी लागते. काहींना सुरुवातीच्या आठवड्यात गोळीतून स्टेरॉइड द्यावं लागतं, पण रक्तदाब, साखर, जुने आजार पाहून ते डॉक्टरनेच ठरवायचं. आणि एकच नाकपुडी महिनोनमहिने बंद असेल, तिच्यातून रक्त येत असेल, किंवा घसा दुपारीही दुखत असेल, आवाज बसलेलाच राहत असेल, गिळताना अडकत असेल, तर दोष थेंबांवर टाकून स्वस्थ बसू नये. तिथे दुसरं काहीतरी आहे आणि ते शोधलं पाहिजे.

घरातल्या बाटलीबद्दल आणखी एक सांगायला हवं. मोठ्यांचे थेंब ०.१ टक्क्याचे असतात, मुलांचे ०.०५ चे. मूल रात्री नाक चोंदून रडायला लागलं की उशाशी असलेली बाटलीच हाताला येते. तान्ह्या मुलाच्या शरीरात हे औषध थोडं जास्त गेलं तरी ते गुंगून पडू शकतं, त्याच्या हृदयाचे ठोके आणि श्वास मंदावू शकतात. बाळाच्या नाकासाठी औषधाच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे साधे थेंब मिळतात, दूध पाजण्याआधी ते एक-एक थेंब टाकून नाक पुसून घेतलं की बहुतेक वेळा पुरतं. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइडचा जोर किंवा काचबिंदू आहे त्यांनीही हे थेंब विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आवळण्याचं काम हे औषध नाकापुरतंच करतं असं नाही.

दीड महिन्याने बाई पुन्हा आल्या. टर्बिनेट फिकट गुलाबी झाली होती, पडदा तसाच वाकडा होता आणि त्याचा त्यांना काहीही त्रास नव्हता. आता मात्र एक गोष्ट समोर आली जी थेंबांमुळे दिसत नव्हती. केर काढताना, जुन्या गोधड्या झटकताना त्यांना लागोपाठ दहा-बारा शिंका यायच्या. धुळीतल्या बारीक किड्यांची ॲलर्जी. दिवाळीच्या साफसफाईतली ती "सर्दी" बहुधा सर्दी नव्हतीच. म्हणून फवारा आणखी दोन महिने चालू ठेवला, गोधड्या आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवायला सांगितले, माळा झाडताना नाकाला ओला पंचा बांधायला सांगितला.

जाताना त्यांनी विचारलं, खरीखुरी सर्दी झाली तर थेंब घेऊ का? घ्या, म्हणालो. पण बाटली उघडाल त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख लिहा, आणि चौथ्या दिवशी सकाळी, अर्ध्याहून जास्त भरलेली असली तरी, टाकून द्या.